हॉलचा ॲडव्हान्स: साखरपुड्याच्या फोटोखालची एक कमेंट आणि तिच्या दोन माफ्या

साखरपुड्याचा फोटो, त्याखाली मामेभावाने टाकलेली एक ओळ, आणि त्या ओळीवरून तीन घरांत उडालेला गोंधळ, एवढंच हे प्रकरण. कौटुंबिक समुपदेशनात अशी भांडणं आता नेहमीची झाली आहेत. हे मात्र सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण यात एकाच माणसाने एकाच चुकीची दोनदा माफी मागितली. पहिल्या माफीने प्रकरण चिघळलं, दुसरीने बऱ्यापैकी सावरलं. संबंधितांची संमती घेतली आहे. गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी २९ वर्षांची. आईवडील कराडला, ती स्वतः नोकरीसाठी पुण्यात. सख्खा भाऊ नाही. मामाचा मुलगा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, लहानपणापासून तिचा ‘दादा’. मे महिन्याची सुट्टी मामाकडे जायची, राखी त्यालाच बांधायची, कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेतही तोच उभा राहिला होता. तीन वर्षांपूर्वी तिचा एक साखरपुडा होऊन मोडला होता. लग्नाचा हॉल ठरला होता, ॲडव्हान्स मामाने स्वतःच्या खिशातून भरला होता, आणि लग्न मोडल्यावर हॉलवाल्याने पावतीमागची अट दाखवून पैसे परत द्यायला नकार दिला. मामाने ते पैसे बहिणीकडे कधी मागितले नाहीत. मोठ्यांनी हा विषय काढायचाच नाही असं ठरवून टाकलं. भावंडांमध्ये मात्र ‘हॉलचा ॲडव्हान्स’ हा चेष्टेचा विषय झाला. कुणी सहलीला येतो म्हणून आयत्या वेळी टांग दिली की दुसरा म्हणायचा, ‘गेला रे हॉलचा ॲडव्हान्स!’ आणि ती स्वतःही हसायची. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण दादाची सगळी बाजू पुढे याच हसण्यावर उभी राहिली.

यंदा नाशिकच्या मुलाशी तिचं जमलं. रविवारी साखरपुडा झाला आणि रात्री नऊच्या सुमारास तिने फेसबुकवर फोटो टाकले. नवऱ्या मुलालाही त्यात टॅग केलं होतं, त्यामुळे त्याच्याकडची माणसंही ते बघत होती. अर्ध्या तासात दादाची कमेंट आली: ‘यावेळी हॉलचा ॲडव्हान्स परत मागायची वेळ आणू नकोस म्हणजे मिळवलं!’ पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. भावंडांनी त्यावर पटापट हसण्याच्या खुणा टाकल्या. मग नवऱ्या मुलाच्या बहिणीने, म्हणजे होणाऱ्या नणंदेने, खाली एकच शब्द लिहिला: ‘म्हणजे?’ त्यावर कराडच्या एका दूरच्या काकांनी उत्साहाने उत्तर दिलं: ‘अगं मागचा किस्सा आहे, भेटल्यावर सांगतो.’

मुलीने हे अकराच्या सुमारास पाहिलं. घाबरून तिने दादाची कमेंट ‘हाइड’ केली. फेसबुकचं हे बटण नेमकं काय करतं हे बहुतेकांना माहीत नसतं. हाइड केलेली कमेंट बाकीच्यांना दिसायची बंद होते, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुकवरच्या मित्रमंडळींना ती दिसतच राहते. दादाचे मित्र म्हणजे अख्खं आजोळ. त्या सगळ्यांच्या फोनवर गंमत तशीच चालू होती, आणि दादालाही वाटत होतं की कमेंट जागेवर आहे, म्हणजे सगळं ठीक असावं. नणंद त्याच्या यादीत नव्हती. तिच्या फोनवरून मात्र तिने प्रश्न विचारल्यानंतर थोड्याच वेळात तो सगळा संवाद गायब झाला. नुसत्या कमेंटने जेवढा संशय आला नसता तेवढा या गायब होण्याने आला. तिने आधीच स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला होता. सोमवारी सकाळी मुलीच्या आईला नाशिकहून फोन आला. आवाज चढलेला नव्हता, भाषा अदबीची होती, पण प्रश्न सरळ होता: ‘आम्हाला काही सांगायचं राहिलंय का?’

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नवऱ्या मुलाला आधीच्या साखरपुड्याबद्दल सगळं माहीत होतं. मुलीने दुसऱ्याच भेटीत त्याला सांगितलं होतं. ‘आईबाबांना मी योग्य वेळ बघून सांगतो,’ असं तो म्हणाला होता आणि ती योग्य वेळ काही आली नव्हती. म्हणजे कमेंटने मुलीचं गुपित फुटलं असं दिसत असलं, तरी खरा पेचात सापडला तो मुलगा. हे दादाला माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. माझ्या मते या प्रकरणाची गुरुकिल्ली इथेच आहे. आपल्या शब्दांनी कुणाचं काय बिघडवलं याचा पूर्ण हिशेब लिहिणाऱ्याकडे जवळजवळ कधीच नसतो.

सोमवारी दुपारी आत्याने, म्हणजे मुलीच्या आईने, दादाला फोन करून झापलं. तो चपापला आणि लगेच कामाला लागला. कमेंट उडवली, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: ‘काल रात्री गंमतीत एक कमेंट केली होती. कुणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी. मनात तसं काही नव्हतं, सगळ्यांना माहीतच आहे मी कसा आहे.’ शेवटी हात जोडलेले. पाठोपाठ अंगठे आले. एक मावशी म्हणाली, ‘जाऊ दे रे, घरातलंच आहे.’ एक काका म्हणाले, ‘चूक कबूल करायला मोठं मन लागतं.’ ज्यांनी कमेंट पाहिलीच नव्हती त्यांनी ‘कसली कमेंट?’ असं विचारलं आणि कुणीतरी त्यांना ती तिथेच, शब्दशः लिहून दाखवली. तासाभराने मुलगी ग्रुपमधून बाहेर पडली.

संध्याकाळपर्यंत घरात उलटंच चित्र उभं राहिलं. दादाने माफी मागितली, आता हीच ताणून धरतेय. मामी म्हणाल्या, ‘एवढं काय झालं? पूर्वी हसायचीच की.’ मुलीच्या वडिलांनी त्या रागात ‘सायबरला तक्रार टाकतो’ असं म्हणून घेतलं, त्यावर दादा उखडला: ‘टाका. खोटं काय बोललो मी?’

हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की त्याचं तिथल्या तिथे काय ते बोलून टाकतो. खरं आहे एवढ्यावर कायदासुद्धा माणसाला सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला जे अपवाद दिले आहेत, त्यातला पहिला अपवाद खऱ्या गोष्टीला आहे, पण ती गोष्ट लोकहितासाठी बोलली जाणं गरजेचं असेल तरच. मामाने कुणाच्या हॉलचे पैसे भरले यात लोकहित कुठून आणणार? अर्थात असल्या प्रकरणात कायद्याच्या वाटेला जाण्यात काही हशील नसतं, आणि रागाचा भर ओसरल्यावर वडीलही गेले नाहीत. पण ‘खोटं काय बोललो’ म्हणणाऱ्याला एवढं ऐकवलं की तो थोडा थांबतो, असा अनुभव आहे.

दादा माझ्याकडे आला तो बुधवारी रात्री. बायकोने पाठवलं म्हणून आला होता, तोंडावर तसं लिहिलेलंच होतं. ‘माफी मागून झाली, आता अजून काय पाया पडू?’ असा त्याचा सूर होता. मी त्याच्या फोनमधला ग्रुपवरचा मेसेज त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितला आणि विचारलं, ‘यात तिचं नाव कुठे आहे?’ नव्हतं. ‘काय केलंस ते कुठे आहे?’ ‘गंमतीत एक कमेंट’ एवढंच. ‘कुणाला वाईट वाटलं असेल तर’ हे कुणाला उद्देशून?

हा ‘असेल तर’ फार महागात पडतो. वाईट वाटलंय हे तिच्या आईने फोनवर सांगून झालं होतं, तरी मेसेजमध्ये ते अजून सिद्ध व्हायचं होतं. आणि ‘कुणाला’ म्हटल्यावर दुखावलेलं माणूस गर्दीत ढकललं गेलं. पण माझ्या मते शब्दांपेक्षा मोठी चूक जागेची होती. ग्रुपवर माफी मागितली की तिचं उत्तरही ग्रुपवरच द्यावं लागतं. चाळीसेक नातेवाईक बघत असताना ती काय लिहिणार? ‘इट्स ओके दादा’ लिहावं तर ते खोटं, न लिहावं तर माणूसघाणी. दादाला वाटत होतं आपण सगळ्यांसमोर मान खाली घातली. प्रत्यक्षात त्याने सगळ्यांना तिच्या उत्तराची वाट बघायला लावलं होतं. शिवाय ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं त्यांच्यापर्यंत गोष्ट आता व्यवस्थित पोचली होती.

तो मेसेज निदान काढून तरी टाकू म्हटलं तर तेही जमलं नाही. व्हॉट्सॲपवर सगळ्यांच्या फोनमधून मेसेज काढायची मुदत दोन दिवसांपेक्षा थोडीच जास्त असते. सोमवारी दुपारचा मेसेज तेव्हा अजून मुदतीत होता, पण दादा तयार नव्हता. ‘काढला तर लोक म्हणतील माफी मागे घेतली.’ गुरुवारी सकाळी त्याला ते पटलं, तोवर मुदत उलटली होती. पटलं असतं तरी ‘मेसेज काढून टाकला आहे’ ही पाटी मागे राहिलीच असती, त्यामुळे फार काही बिघडलं असं मी म्हणणार नाही.

त्या रात्री मी त्याला एकच काम सांगितलं. रविवारी रात्री ती ओळ कुणी कुणी वाचली असेल, आणि वाचून प्रत्येकाला नवीन काय कळलं असेल, ते कागदावर लिहून काढ. भावंडांच्या नावापुढे त्याने ‘काहीच नाही, सगळ्यांना माहीत’ असं लिहिलं. नणंदेपुढे ‘आधी एकदा मोडलंय’. सासूपुढे तेच. मुलीच्या ऑफिसमधल्या मैत्रिणींपुढेही तेच. मग तो बराच वेळ पेन चावत बसला आणि एक ओळ खाली लिहिली: ‘आतोबा’, म्हणजे आत्याचे यजमान. त्यांच्यापुढे लिहिलं, ‘पैसे बाबांनी भरले हे लोकांना कळलं.’ हे मी सुचवलं नव्हतं. मुलीच्या लग्नाचा खर्च मेहुण्याने केला ही गोष्ट त्या गृहस्थांनी तीन वर्षं मनात ठेवली होती, आणि आता त्यांचे चुलतभाऊ त्यांना त्याबद्दल विचारत होते. कमेंटमध्ये मामाचं नाव नव्हतं, पण काकांनी ‘किस्सा’ सांगताना ते सांगितलंच होतं. इतका वेळ ‘तीही हसायची’ हे म्हणणाऱ्या माणसाला त्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं दिसलं की ज्या खोलीत ती हसायची त्या खोलीत ही माणसं नव्हती. त्यानंतर त्याने ते वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारलं नाही.

आता पुढचा प्रश्न असा की लगेच भली मोठी माफी लिहावी का. मी नको म्हटलं. २००५ मध्ये सिंथिया फ्रँट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन या दोन संशोधकांनी माफीच्या वेळेबद्दल अभ्यास केला होता. दुखावलेल्या माणसाला आपलं म्हणणं मांडता आलं आणि समोरच्याला ते समजलं असं वाटल्यानंतर आलेली माफी, घाईघाईने आलेल्या माफीपेक्षा जास्त समाधान देते, असं त्यातून दिसलं. याचा अर्थ महिनाभर गप्प बसावं असा नाही. गप्प बसलं की ते टाळणं दिसतं. म्हणून मी अशा वेळी दोन टप्पे करायला सांगतो. आधी छोटा निरोप, ज्यात चूक नाव घेऊन कबूल केलेली असते आणि उत्तराची अपेक्षा नसते. मग तिचं ऐकून घेणं. पुरती माफी त्यानंतर.

छोटा निरोप लिहायला त्याला दीड तास लागला. पहिला मसुदा असा होता: ‘तू मला सख्ख्या बहिणीसारखी आहेस. तुला दुखवायचा माझा हेतू स्वप्नातही नव्हता. आपण नेहमी करतो तशी गंमत केली, पण बहुतेक जागा चुकली. प्लीज मला माफ कर, तू बोलत नाहीस तर माझी झोप उडाली आहे.’ वाचायला बरा वाटतो, पण त्यात त्याचं प्रेम, त्याचा हेतू, त्याची सवय आणि त्याची झोप आहे. तिच्याबद्दल काहीच नाही. ‘आपण नेहमी करतो तशी’ यात तर तिलाही अर्धी वाटेकरी केलं आहे. ‘झोप उडाली’ वाचून तिने आता याची काळजी करायची की काय?

एकेक वाक्य काढत गेल्यावर जे उरलं आणि गुरुवारी तिला एकटीला गेलं ते असं: ‘तुझ्या साखरपुड्याच्या फोटोखाली मी मागच्या लग्नाचा विषय काढला. तो काढायचा अधिकार माझा नव्हता. तुझ्या सासरच्यांसमोर तुला मान खाली घालायला लागली ती माझ्यामुळे. नंतर ग्रुपवर लिहिलं तीही चूकच, त्यामुळे आणखी लोकांना कळलं. तुला बोलायचं असेल तेव्हा मी यायला तयार आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’ माफ कर हे शब्द त्यात नाहीत आणि ते मुद्दाम नाहीत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा भाग वेगवेगळे करून लोकांना दाखवले होते. सगळ्यात जास्त वजन पडलं ते ‘ही माझी चूक आहे’ या कबुलीला, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याच्या तयारीला, आणि सगळ्यात कमी ‘मला माफ करा’ या विनंतीला. त्या प्रयोगातला प्रसंग नोकरीसाठी आलेल्या हिशेबनीसाचा होता, आतेबहिणीचा नव्हता, तेव्हा तो जसाच्या तसा घरात लावू नये. पण माझ्या कामात दिसतं ते याच्याशी जुळतं. ‘माफ कर’ म्हटलं की चेंडू समोरच्याच्या अंगणात जातो, आणि माणूस अजून रागात असताना त्याला तो परत टोलवायला लावणं ही नवी जबरदस्ती होते.

तो त्याच वेळी फोटोखालीही जाहीर माफी लिहायला निघाला होता. चूक चारचौघांत झाली तर माफीही चारचौघांत, हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो आणि पुष्कळदा बरोबरही असतो. कुणावर खोटा आरोप केला असेल तर तो जिथे केला तिथेच मागे घ्यायला हवा, नाहीतर वाचणाऱ्यांच्या डोक्यात आरोप तसाच राहतो. इथे मात्र गोष्ट खरी होती आणि खासगी होती. ती मागे घेता येत नाही, फक्त पुन्हा बोलता येते. त्यात जुन्या फोटोखाली नवी कमेंट पडली की फोटो पुन्हा लोकांसमोर वर येऊ शकतो. तिला विचारल्याशिवाय तिच्या भिंतीवर एक अक्षर लिहायचं नाही, यावर मी अडून बसलो. कमेंट उडवण्याऐवजी बदलून ‘अभिनंदन’ करून ठेवणारेही भेटतात. फेसबुकवर बदललेल्या कमेंटचा जुना मजकूर इतिहासात उघडून बघता येतो, म्हणजे ते लपवल्याचा पुरावाच ठेवण्यासारखं आहे. सुदैवाने दादाने सोमवारीच कमेंट पूर्ण काढली होती, आणि तिच्यासोबत खालची नणंदेची आणि काकांची उत्तरंही गेली होती. फक्त काढण्याआधी बहिणीला एक ओळ कळवली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं होतं की पुरावा पुसून तो नामानिराळा होतोय.

दोन दिवस उत्तर नाही. शनिवारी रात्री तिचा मेसेज आला: ‘पुढच्या शनिवारी कराडला ये. आईसमोर नको.’

कराडला ते दोघं घराच्या गच्चीवर बसले. पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आणि ते बहुतांशी जुळतं. तिला मी ओळखत नव्हतो, ती नंतर स्वतःहून बोलली. दादाला मी दोन गोष्टी बजावल्या होत्या: ती बोलत असताना ‘पण’ म्हणायचं नाही, आणि तिने चुकीचं काही सांगितलं तरी त्या वेळी दुरुस्त करायचं नाही. पहिली त्याने पाळली. दुसरी एकदा मोडली. ती म्हणाली की कमेंट रात्रभर होती, आणि हा म्हणाला, ‘रात्रभर नाही, तू अकरालाच हाइड केलीस ना.’ ती उठूनच गेली होती. खालून पाणी पिऊन परत आली, तेव्हा तो म्हणाला, ‘बोल, मी मधे बोलायला नको होतं.’ आणि मग तिने नवऱ्या मुलाचं सांगितलं. त्याच्या वडिलांनी त्याला ‘तुला माहीत होतं का?’ असं विचारलं होतं. तो हो म्हणाला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं बंद होतं. ‘माझं लग्न मोडेल याची मला भीती नाही वाटली,’ ती म्हणाली, ‘पण माझ्यामुळे तो त्याच्या घरात खोटारडा ठरला.’

दादाला हे तोवर ठाऊकच नव्हतं. सोमवारी त्याने कितीही चांगली माफी लिहिली असती तरी ही गोष्ट तिच्यात आली नसती, आणि तिला सगळ्यात जास्त सलत होती ती हीच. तो म्हणाला, ‘हे मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी ते चव्हाट्यावर आणलं, हे जास्त वाईट आहे.’ नंतर थोड्या वेळाने म्हणाला, ‘चुकलं माझं.’ एवढीच पुरती माफी. ती ऐकून ती रडली नाही, गळ्यात पडली नाही. ‘हं,’ म्हणाली, आणि त्याला विचारलं, ‘आता काय करणार आहेस?’

भरपाईच्या बाबतीत उत्साही लोक मोठा घोळ घालतात. दादाचा बेत तयार होता: मी नाशिकला जातो, तुझ्या सासऱ्यांना भेटतो, सगळं सांगतो, पाय धरतो. तिने एका वाक्यात तो मोडीत काढला: ‘म्हणजे माझी गोष्ट पुन्हा तूच सांगणार?’ नाशिकच्या घरी काय सांगायचं, किती सांगायचं हे ठरवणं तिचं आणि त्या मुलाचं काम होतं. दादाच्या वाट्याला तिने तीन छोटी कामं दिली. नवऱ्या मुलाला स्वतः फोन करायचा आणि फक्त आपल्या चुकीचं बोलायचं. ‘किस्सा’ सांगणाऱ्या काकांना गाठून तो विषय बंद करायला सांगायचा. आणि तिच्या वडिलांशी बोलायचं.

फोन तीन मिनिटांत झाला. मुलगा सभ्य होता, ‘ठीक आहे, बघतो आम्ही’ म्हणाला आणि फोन ठेवला. काकांचं काम त्याहून अवघड गेलं, कारण त्यांना आपण काही केलंय असं वाटतच नव्हतं. ‘मी फक्त भेटल्यावर सांगतो म्हटलं,’ हे त्यांचं पालुपद. दादाने त्यांच्याशी वाद घातला नाही. ‘विषय मी काढला, दोष माझा, पण आता पुढे कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणा,’ असं सांगितलं. दोष आधी स्वतःकडे घेतल्यामुळे काकांना बचाव करायची गरज उरली नाही आणि त्यांनी ऐकलं.

आतोबांशी झालेलं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते घरात कुणाच्याच हिशेबात नव्हतं. दादा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, नमस्कार केला आणि म्हणाला, ‘बाबांच्या पैशांचा विषय माझ्यामुळे बाहेर गेला. तुम्हाला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं. चूक माझी आहे.’ ते काही बोलले नाहीत. आत जाऊन एक पाकीट घेऊन आले. हॉलच्या ॲडव्हान्सची पूर्ण रक्कम होती. ‘हे तुझ्या बाबांना दे.’ दादाची पंचाईत झाली. घ्यावं तर बाबा चिडणार, न घ्यावं तर यांचा पुन्हा अपमान. त्याने ते घेतलं. मला विचारलं असतं तर मीही घे म्हटलं असतं. मामा पुढे आठवडाभर धुसफुसत होते, पण त्यांनी पैसे ठेवून घेतले, आणि माझ्या मते ते ठीकच झालं. माफी मागणाऱ्याला कधी कधी समोरच्याने मांडलेला हिशेब मुकाट्याने मान्य करावा लागतो, तो आपल्याला पटो न पटो.

ग्रुपचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. दादाला तिथे नवीन माफी टाकायची होती. बहिणीने नको म्हटलं, मग पुन्हा विचार करून स्वतःच एक मजकूर सांगितला आणि त्याने तो तसाच टाकला: ‘मागच्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं त्यावर तिने उत्तर द्यावं अशी कुणीही अपेक्षा करू नये. आमचं बोलणं झालं आहे. या विषयावर इथे काही लिहू नये ही विनंती.’ यात किस्सा नाही, कमेंट नाही, भावना नाहीत. ग्रुपमध्ये ती परत आली ती महिन्याभराने, लग्नपत्रिका टाकायला.

नाशिकचं प्रकरण त्या मुलानेच मिटवलं. कसं, ते मला माहीत नाही आणि दादालाही नाही. लग्न ठरल्या तारखेला झालं. दादा हजर होता, पंगतीत वाढत होता. कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि नवरदेव त्याला मानाची भेट देतो. सख्खा भाऊ नसल्यामुळे लहानपणापासून ते काम दादाचंच हे गृहीत होतं. तिने धाकट्या चुलतभावाला बोलावलं. दादाला ते आठ दिवस आधी सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नाही.

लग्नानंतर तो मला एकदा भेटला. तिचे फोटो आता त्याला दिसत नाहीत, असं म्हणाला. मित्रयादीत तो आहे, पण तिने त्याला बहुधा ‘रिस्ट्रिक्टेड’ यादीत टाकलं असावं. या यादीतल्या माणसाला फक्त सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या पोस्ट दिसतात, आणि आपण यादीत आहोत हे त्याला कळवलं जात नाही. ‘एवढं सगळं करूनही?’ असं त्याचं म्हणणं. राखीला तिने बोलावलं होतं, तो जाऊन आला होता. ‘यादीबद्दल तिला विचारू का?’ मी म्हटलं, नको.